अडतीस हजार मेल एका फटक्यात हलवले आणि थंडरबर्ड हँग झालं: एका मेलबॉक्सचं प्रकरण

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतला सुटे भाग पुरवणारा एक छोटा कारखाना. खरेदी आणि विक्री दोन्हीसाठी मिळून एकच मेल खातं, आणि ते सात वर्षं कुणी झाडलेलं नाही. इनबॉक्समध्ये ४८,२०० मेल, एकूण ११.१ जीबी. होस्टिंगवाल्याने सगळ्या फोल्डरांना मिळून दिलेली जागा १२ जीबी. मार्च संपला, खातं भरत आल्याची सूचना रोज यायला लागली, म्हणून २ एप्रिलला संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी सफाई काढली गेली. जुने सगळे मेल सर्व्हरवरून उचलून लॅपटॉपवरच्या थंडरबर्ड या मेल-प्रोग्रॅममधल्या `Local Folders` खाली ‘जुने’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचे, असा बेत होता.

तारखेप्रमाणे यादी लावली, तीन आर्थिक वर्षांपेक्षा जुने ३८,००० मेल Shift धरून निवडले आणि ओढून ‘जुने’वर सोडले. पाच-सात सेकंदांत खिडकी पांढुरकी झाली आणि मथळ्यात `Not Responding` आलं. चाळीस मिनिटं वाट पाहून टास्क मॅनेजरमधून थंडरबर्ड बंद केलं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच, या वेळी वीस मिनिटांत धीर संपला. त्यानंतर ‘जुने’मध्ये १३,४४० मेल दिसत होते, सर्व्हरवर मात्र एकही कमी झालेला नव्हता, आणि उघडून पाहिलं तर कित्येक मेल दोनदा.

गोठलं होतं की काम चालू होतं?

इथे पहिली चूक समजुतीची आहे. विंडोजवर एखाद्या खिडकीने पाच सेकंद कीबोर्ड-माऊसला दाद दिली नाही, की विंडोज स्वतःच तिच्यावर `Not Responding` ची पाटी लावतं. प्रोग्रॅम मेला असा त्याचा अर्थ नाही. तो दुसऱ्या कामात इतका गुंतलाय की खिडकी रंगवायलाही त्याला फुरसत नाही, एवढंच ती पाटी सांगते. थंडरबर्डमध्ये मेल यादीतून काढणं, फोल्डरच्या सूचीत नोंद करणं, एका संभाषणातले मेल एकत्र मांडणं ही कामं बऱ्याच अंशी प्रोग्रॅमच्या त्याच मुख्य धाग्यावर, म्हणजे कामांच्या त्याच एका रांगेत होतात ज्यावर खिडकी चालते. दहा मेल असतील तर हे डोळ्याला कळतही नाही. अडतीस हजार असतील तर खिडकीची पाळीच येत नाही.

जिवंत आहे की नाही हे ओळखायची सोपी खूण म्हणजे ज्या फोल्डरमध्ये मेल चाललेत त्याची फाइल. थंडरबर्ड साधारणपणे एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये, एकामागे एक जोडत ठेवतं. तिला एमबॉक्स म्हणतात. शेजारी त्याच नावाची `.msf` फाइल असते, ती त्या फोल्डरची सूची. या लॅपटॉपवर ती जागा अशी होती:

```
%APPDATA%\Thunderbird\Profiles\<profile>\Mail\Local Folders\
```

हे फोल्डर एक्सप्लोररमध्ये उघडून F5 दाबत राहायचं. `.msf` नसलेल्या ‘जुने’ फाइलचा आकार वाढत असेल तर काम चालू आहे. पाच मिनिटं आकडा जागचा हलला नाही आणि टास्क मॅनेजरमध्ये थंडरबर्डचा प्रोसेसर, डिस्क आणि नेटवर्क तिन्ही शून्याजवळ असतील, तरच ते खरोखर अडकलंय. फक्त प्रोसेसर चालू असेल आणि नेटवर्क थंड असेल, तर सूची आणि यादी जुळवण्याचं काम चाललेलं असतं. तेव्हाही थांबणंच बरं.

पहिल्या संध्याकाळी फाइल वाढत होती. चाळीस मिनिटांत ९,१४० मेल उतरले होते, म्हणजे मिनिटाला साधारण २२८. त्या वेगाने ३८,००० ना पावणेतीन तास लागले असते. रात्रभर चालू ठेवलं असतं तर कदाचित पार पडलंही असतं. पण पावणेतीन तासांत वायफाय एकदाही न तुटणं, लॅपटॉप झोपी न जाणं आणि सर्व्हरने कनेक्शन न सोडणं, या तिन्हींवर सगळा डाव लावायचा की नाही हा खरा प्रश्न आहे. आमच्या मते नाही, आणि त्याचं कारण पुढच्या मुद्द्यात आहे.

एवढे मेल आले, मग सर्व्हरवरचे गेले का नाहीत?

आयमॅप म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून तिथून पाहायची पद्धत. अशा खात्यातून लॅपटॉपवरच्या फोल्डरमध्ये मेल ‘हलवणं’ ही आपल्यासाठी एक कृती असली, तरी आत दोन असतात. आधी प्रत्येक मेल उतरवून प्रत बनवायची आणि मग मूळ मेलवर काट मारायची. थंडरबर्ड ही काट शेवटी मारतं, निवडलेल्या सगळ्या मेलांच्या प्रती नीट उतरल्यावर. मध्येच गळा दाबला, तर प्रती इकडे राहतात आणि मूळ तिकडे तसेच. हे चांगलंच आहे, कारण मेल हरवत नाहीत. पण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं की आधीच उतरलेले मेल पुन्हा उतरतात. पहिल्या दिवशीचे ९,१४० अधिक दुसऱ्या दिवशीचे ४,३०० असा १३,४४० चा हिशेब यातूनच आला.

थोडे थोडे मेल घेऊन तुकडीतुकडीने काम करायचं खरं कारण हेच. लोक समजतात की मशीन हळू आहे म्हणून कमी कमी द्यायचं. ते आहेच, पण मोठी गोष्ट ही की प्रत्येक तुकडी म्हणजे एक पूर्ण मिटलेला हिशेब. तीनशेची तुकडी पूर्ण झाली की त्या तीनशेंची प्रतही झाली आणि काटही मारली गेली. त्यानंतर वीज गेली तरी जास्तीत जास्त पुढच्या तीनशेंचा गोंधळ निस्तरावा लागतो. अडतीस हजारांची एकच तुकडी केली तर पहिल्या मेलपासून शेवटच्या मेलपर्यंत सगळं अधांतरी.

या खात्यात आणखी एक बाब होती. थंडरबर्डमध्ये `Synchronization & Storage` खाली फक्त अलीकडचे ९० दिवसांचे मेल लॅपटॉपवर ठेवायची निवड केलेली होती. म्हणजे जुन्या मेलांची फक्त शीर्षकं इथे आणि मजकूर, जोडपत्रं सगळं सर्व्हरवर. त्या ३८,००० मेलांचं वजन ८.७ जीबी. ऑफिसची २० एमबीपीएसची लाइन अगदी पूर्ण वेगाने चालली असती तरी निव्वळ उतरवायला तासभर लागला असता. प्रत्येक मेलमागे सर्व्हरला मागणी आणि उत्तर असा फेरा असल्यामुळे प्रत्यक्षात वेग सुमारे सात एमबीपीएसच पडला. त्यातच अँटिव्हायरस. एमबॉक्स फाइल एकच असल्यामुळे तिच्या शेपटीला एक मेल जोडला तरी काही अँटिव्हायरस अख्खी फाइल पुन्हा चाळायला घेतात. फाइल दोन जीबीची झाली की हे चाळणं जाणवायला लागतं, म्हणूनच सुरुवातीला भराभर जाणारं काम नंतर रांगतं.

आधी मोजणी, मग हात

काम परत हाती घेताना पहिल्या तासात एकही मेल हलवला गेला नाही. वेबमेलमधून इनबॉक्सचा आकडा घेतला. थंडरबर्डमधला आकडा अशा वेळी भरवशाचा नसतो, कारण जबरदस्तीने बंद केल्यावर सूची आणि वस्तुस्थिती यांत फरक पडलेला असू शकतो. ज्यांना वेबमेल नाही त्यांना टर्मिनलवरून थेट सर्व्हरला विचारता येतं:

```
openssl s_client -crlf -quiet -connect mail.example.com:993
a1 LOGIN user@example.com password
a2 CAPABILITY
a3 STATUS INBOX (MESSAGES)
a4 LOGOUT
```

`a3` च्या ओळीचं उत्तर मेलांची खरी संख्या देतं. `a2` च्या ओळीचं उत्तरही जपून ठेवावं. त्यात `MOVE` आणि `UIDPLUS` हे शब्द आहेत का ते पुढे लागणार आहे. (पासवर्ड पडद्यावर उघडा दिसतो, तेव्हा मागे कुणी उभं नाही ना हे पाहून घ्यावं.)

सर्व्हरवर ४८,२०० च्या ४८,२०० होते. मग ‘जुने’ फोल्डरमधल्या १३,४४० मेलांचं काय करायचं? पहिली सूचना डुप्लिकेट शोधून काढणारं ॲड-ऑन टाकायची आली. त्याची गरज नव्हती. मूळ सगळं सर्व्हरवर शाबूत आहे हे एकदा नक्की झाल्यावर अर्धवट प्रतींचा तो गठ्ठा चाळत बसण्यात अर्थ नाही, शिवाय जिथे काम तुटलं तिथला शेवटचा मेल अर्धाच लिहिलेला असण्याची शक्यता असते. पूर्ण ‘जुने’ फोल्डर काढून टाकलं. उलट परिस्थिती असती, म्हणजे सर्व्हरवरचा आकडा घटलेला असता, तर मात्र त्या फोल्डरला हात लावायचा नव्हता. आधी त्याची वेगळी प्रत काढून मगच पुढे.

थंडरबर्ड बंद करून अख्खं प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी केलं. लॅपटॉपवर मोकळी जागा किती ते पाहिलं. `Compact` करताना थंडरबर्ड फोल्डरची नवी फाइल लिहितं आणि मग जुनी काढतं, त्यामुळे सर्वांत मोठ्या फोल्डरएवढी जागा तरी वर हवी.

डिलीट करायला गेले आणि जागा संपली

यादी सेंडरप्रमाणे लावल्यावर कळलं की ३८,००० पैकी २१,००० मेल जपण्यासारखे नव्हतेच. बँकेच्या सूचना, कुरिअरच्या ‘पार्सल निघालं’ छापाच्या खबरा, पोर्टलांच्या आपोआप येणाऱ्या पावत्या. एकेक मेल ४० केबीचा, सगळे मिळून ०.८४ जीबी. हे लॅपटॉपवर उतरवायचं कारणच नाही, सर्व्हरवरच डिलीट करायचे. ही छाननी पहिल्या दिवशी झाली असती तर निम्म्याहून जास्त मेलांचा प्रवासच वाचला असता.

पाच हजारांची पहिली तुकडी निवडून Delete दाबलं, आणि सर्व्हरने `OVERQUOTA` म्हणून परत पाठवलं. डिलीट करताना जागा संपली म्हणतोय हे ऐकून माणूस चक्रावतो. घडतं असं: थंडरबर्डची नेहमीची पद्धत डिलीट केलेला मेल ट्रॅशमध्ये टाकायची, आणि ट्रॅश त्याच खात्यात, त्याच १२ जीबीत. सर्व्हरला `MOVE` येत असेल तर मेल एका आज्ञेत जागा बदलतो. आयमॅपमध्ये ही सोय २०१३ साली आरएफसी ६८५१ या इंटरनेटच्या नियमपत्राने आली. हा सर्व्हर जुना होता, `CAPABILITY` च्या उत्तरात `UIDPLUS` होतं पण `MOVE` नव्हतं. अशा वेळी काम तीन पायऱ्यांत होतं:

```
a21 UID COPY 1042:1541 "Trash"
a21 OK Copy completed
a22 UID STORE 1042:1541 +FLAGS.SILENT (\Deleted)
a22 OK Store completed
a23 UID EXPUNGE 1042:1541
* 1 EXPUNGE
* 1 EXPUNGE
* 1 EXPUNGE
```

पहिल्या आज्ञेत प्रत, दुसरीत काट, तिसरीत प्रत्यक्ष काढणं. पहिल्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये तोच मेल दोन ठिकाणी असतो आणि दोनदा जागा खातो. खातं काठोकाठ भरलेलं असेल तर तेवढ्या मधल्या वेळेतच कोटा फुटतो. आणि तिसरी पायरी झाली तरी मेल ट्रॅशमध्ये असतोच, त्यामुळे ट्रॅश रिकामा करेपर्यंत एक केबीही सुटत नाही.

शेवटच्या तीन ओळी चुकीच्या वाटतील, पण तशा नाहीत. पहिल्या क्रमांकाचा मेल गेला की दुसरा पहिला होतो, म्हणून सर्व्हर पुन्हा ‘१ गेला’ असंच सांगतो. पाचशे मेलांना अशा पाचशे ओळी, आणि प्रत्येक ओळीला क्लायंटने, म्हणजे इथे थंडरबर्डने, आपली यादी एकाने सरकवून घ्यायची. वीस हजार मेल एकदम काढले की हीच सरकवासरकव वीस हजार वेळा, तीही खिडकी रंगवणाऱ्या धाग्याच्या मानगुटीवर बसून. डिलीट करताना हँग होण्याची मेख मुख्यतः इथे आहे. मेल किती जड आहे याच्याशी तिचा संबंध नाही, किती मेल आहेत याच्याशी आहे.

तोडगा म्हणून या खात्यापुरती डिलीटची पद्धत बदलली. `Account Settings` मध्ये `Server Settings` खाली `When I delete a message` असा पर्याय असतो, तिथे `Just mark it as deleted` निवडलं. आता Delete दाबलं की मेल ट्रॅशकडे जात नाही, यादीतच राहतो, फक्त त्यावर काट दिसते. चुकून एखादा चांगला मेल सापडला तर काट काढता येते. सगळं बरोबर आहे असं वाटलं की फोल्डरवर राइट-क्लिक करून `Compact`. आयमॅप फोल्डरवर `Compact` म्हणजे सर्व्हरवर एक्स्पंज. त्यानंतर मेल कायमचा गेला, ट्रॅशमध्येही सापडणार नाही. भरलेल्या खात्यावर आम्हाला हीच पद्धत पसंत आहे, कारण ती जादा जागा मागत नाही आणि काट मारणं व फेकणं यांच्यामध्ये डोळ्यांनी पाहायला एक उसंत देते. काम झाल्यावर सेटिंग परत जागेवर आणायला मात्र विसरू नये. नाहीतर दुसऱ्या दिवशी ऑफिसातलं कुणीतरी काट मारलेले मेल पाहून घाबरतं.

तुकडी केवढी?

आकडा सांगण्याआधी तुकडी कशी निवडायची ते सांगायला हवं, कारण पाचशे आणि पाचशेमध्ये फरक असतो. सर्व्हर प्रत्येक मेलला आलेल्या क्रमाने एक यूआयडी देतो. सलग पाचशे मेल निवडले तर आज्ञेत `1042:1541` एवढंच जातं. तेच पाचशे मेल सात वर्षांत विखुरलेले असतील तर प्रत्येकाचा यूआयडी स्वल्पविराम देऊन लिहावा लागतो. पाच अंकी आकडा आणि स्वल्पविराम धरून मेलमागे सहा अक्षरं, म्हणजे हजार मेलांना सहा हजार अक्षरांची एक आज्ञा. आरएफसी ७१६२ क्लायंटना आज्ञेची ओळ साधारण ८,१९२ अक्षरांच्या आत ठेवायला सांगतं, आणि जुने सर्व्हर त्याहून कमी लांबीलाही कुरकुरतात. क्लायंट यादी तोडून पाठवतो, तरी फेरे वाढतात. म्हणून यादी `Order Received` प्रमाणे लावून वरून खाली सलग निवडणं सगळ्यांत स्वस्त पडतं, आणि एका सेंडरचे विखुरलेले मेल असतील तर हजारावर जाऊ नये.

या २१,००० सूचना विखुरलेल्याच होत्या. Ctrl+Shift+K ने वरची फिल्टर पट्टी उघडून सेंडरचा पत्ता टाकला आणि पहिल्यांदा फक्त २०० वर काट मारली. आठ सेकंद लागले. मग ५०० ला अठरा, १,००० ला चाळीस. तिथेच थांबलो. दोन हजार कदाचित चाललेही असते, पण थंडरबर्डमध्ये सर्व्हर गप्प राहिला तर तो किती वेळ सहन करायचा याचा एक आकडा असतो, `mailnews.tcptimeout`, आणि तो मुळात १०० सेकंदांचा असतो. मोठी आज्ञा देऊन सर्व्हर आत शंभर सेकंद खपत बसला, एक शब्द बोलला नाही, तर क्लायंट ‘कनेक्शन गेलं’ असं धरून चालतो. सर्व्हरचं काम मात्र तिकडे झालेलं असू शकतं. मग क्लायंट पुन्हा तेच करायला जातो. कॉपी असेल तर नकला होतात. तेव्हा एका तुकडीचा वेळ त्या शंभराच्या निम्म्याच्या आत ठेवायचा, हा या प्रकारच्या कामातला आमचा नियम. टाइमआउट वाढवून मोठी तुकडी करायचा मोह होतो. तसं केलं की बिघाड कळायला तेवढाच उशीर, पदरात काही पडत नाही.

एकवीस तुकड्या, दर पाच तुकड्यांनंतर एक `Compact`. निवडणं, चाळणं धरून दीड तास.

उरलेले सतरा हजार

हे मात्र खरोखर लॅपटॉपवर उतरवायचे होते, ७.८६ जीबी. इथे हिशेब उलटा होतो. मेल किती यापेक्षा बाइट किती याला महत्त्व, कारण मजकूर तारेवरून येणार आहे. आकाराप्रमाणे यादी लावली तेव्हा ५ एमबीहून मोठे मेल फक्त ३१० निघाले, पण त्यांचं वजन २.६ जीबी, म्हणजे तिसऱ्या हिश्शाइतकं. ड्रॉइंगच्या पीडीएफ आणि मोबाइलवरून काढलेले मालाचे फोटो. हे इतरांबरोबर मिसळले तर कुठली तुकडी किती वेळ खाईल काही सांगता येत नाही. ते बाजूला काढून पंधरा-पंधराच्या गटांनी आधी हलवले. उरलेल्या १६,६९० मेलांची सरासरी ३१५ केबी. शंभरला पंचवीस सेकंद लागले, म्हणून तीनशेची तुकडी ठरवली, अंदाजे ९५ एमबी आणि सव्वा मिनिट. इथे शंभर सेकंदांचा तो नियम तितका कडक लागू नाही, कारण मेल एकामागे एक येत राहतात आणि सर्व्हर गप्प बसत नाही. इथे मर्यादा वेगळी: तुटलं तर किती मेल परत करायची आपली तयारी आहे.

एकाच ‘जुने’ ऐवजी आर्थिक वर्षाप्रमाणे फोल्डर केले, २०१८-१९, २०१९-२० असे. हिशेबनीसाला कागद तसेच लागतात हे एक, आणि दुसरं म्हणजे प्रत्येक एमबॉक्स फाइल दीड-दोन जीबीच्या आसपास राहते. एक मेल जोडताना दहा जीबीच्या फाइलला हात लागत नाही, आणि एखादी फाइल बिघडली तर एका वर्षापुरतंच नुकसान.

काम सुरू करण्याआधी थंडरबर्डला शांत केलं. F8 ने मेल वाचायचा कप्पा बंद केला, कारण शेकडो मेल निवडले की तो त्या सगळ्यांचा गोषवारा दाखवायला धावतो. संभाषणांप्रमाणे मांडणी बंद करून सपाट यादी ठेवली. `Settings` मध्ये `Enable Global Search and Indexer` ची खूण काढली. नाहीतर हलवलेला प्रत्येक मेल मागच्या मागे शोध-सूचीत घालायचं काम चालूच राहतं. आपोआप `Compact` करायची मर्यादा मुळात २०० एमबी असते. तिसऱ्या तुकडीतच ती ओलांडली जाते आणि काम चालू असतानाच `Compact` चा प्रश्न समोर येतो, म्हणून तीही तेवढ्यापुरती बंद. अँटिव्हायरसला प्रोफाइल फोल्डर चाळण्यातून दोन तास सूट दिली. आणि मोबाइलवर तेच खातं उघडं होतं ते बंद करायला सांगितलं, कारण आपण इकडून काढतोय आणि मोबाइल तिकडून सिंक करतोय असं झालं की सर्व्हर दोघांनाही हळू उत्तर देतो.

एक तुकडी सोडल्यावर पुढची कधी? यादीतून मेल नाहीसे झाले म्हणजे काम संपलं असं नाही. `Tools` मधलं `Activity Manager` उघडं ठेवायचं, त्यात ‘अमुक मेल हलवले’ अशी नोंद पडली की मग पुढचं ओढायचं. पहिल्या दोन-तीन तुकड्यांनंतर हात सैल होतो आणि माणूस एक संपायच्या आत दुसरी सोडतो. दोन तुकड्या एकत्र रांगेत लागल्या की आपण परत सहाशेच्या एका तुकडीवर आलो, आणि तुटली तर कुठली तुटली हे कळत नाही. ‘ही झाली का?’ ‘नोंद नाही पडली अजून, थांबा जरा,’ एवढा संवाद त्या दुपारी पन्नासएक वेळा झाला असेल.

प्रत्येक वर्ष संपलं की दोन गोष्टी पाहिल्या. फोल्डरमधला आकडा आणि सुरू करण्याआधी Ctrl+Shift+F च्या शोधात तारखांची सीमा घालून आलेला आकडा जुळतो का. आणि फोल्डरमधला पहिला, शेवटचा व मधले तीन मेल, तेही जोडपत्रवाले, इंटरनेट तोडून उघडतात का. इंटरनेट तोडणं महत्त्वाचं, नाहीतर चुकून सर्व्हरवरचाच मेल उघडून आपण समाधान मानतो. २०२०-२१ मध्ये तीन मेल जास्त निघाले. एक तुकडी वायफाय गेल्यामुळे तुटली होती आणि परत करताना आधीचे तीन पुन्हा उतरले. विषय आणि वेळ पाहून दोन मिनिटांत काढले. तेरा हजारांच्या गठ्ठ्यात तेच तीन शोधायला दिवस गेला असता.

एक वाट जी घेतली नाही

तुकड्या करायचा कंटाळा आला की कुणीतरी सुचवतं: `Synchronization & Storage` मध्येच जुने मेल आपोआप काढायचा पर्याय आहे, तिथे दिवस टाका आणि मोकळे व्हा. तो पर्याय लॅपटॉपवरच्या प्रतीपुरता आहे असं वाटतं. तसा तो नाही. आयमॅप खात्यावर तो सर्व्हरवरचे मूळ मेलही कायमचे काढतो, ट्रॅशमध्ये न टाकता. त्या पर्यायाच्या वर तसं लिहिलेलंही असतं, पण लहान अक्षरात. जे मेल जपायचे आहेत त्यांची प्रत बाहेर सुरक्षित झाल्याशिवाय तिथे हात लावू नये.

नुसतं डिलीटच करायचं असेल आणि वेबमेल बरा असेल, तर तिथून करणं केव्हाही हलकं, कारण यादी सरकवायचा भार आपल्या लॅपटॉपवर येत नाही. मात्र तिथेही एका पानावर दिसणारे मेल आणि शोधात बसणारे सगळे मेल यांत फरक असतो. ‘सगळे निवडा’ म्हटल्यावर नक्की किती निवडले गेले ते वाचल्याशिवाय बटण दाबू नये.

संध्याकाळी सर्व्हरवरच्या इनबॉक्समध्ये १०,२०० मेल आणि २.४ जीबी उरले. शेवटी सगळे फोल्डर `Compact` केले, शोध-सूचीची खूण परत लावली आणि लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला, कारण सतरा हजार मेल नव्याने सूचीत घालायला तिला तेवढा वेळ लागणारच होता. मोबाइलवर दुसऱ्या दिवशी सकाळी जुने मेल अजून दिसत होते. ॲपमधून खातं काढून पुन्हा घातल्यावरच ते गेले.